आयलंड पीकसाठी बूट: कडकपणा, ऊब आणि माप
(गिर्यारोहण मंडळाच्या पूर्वतयारी वर्गातील व्याख्यान, लेखरूपात)

मंडळी, या टेबलावर तीन बूट ठेवलेत. पहिला तुमच्या ओळखीचा आहे, हरिश्चंद्रगडापासून हिमालयातल्या बेस कॅम्पपर्यंत चालतो तो. दुसरा चामड्याचा, जड, एकेरी. तिसरा दुहेरी: बाहेर कवच आणि आत काढता येणारा वेगळा मऊ बूट. पहिल्याचं टोक एका हातात आणि टाच दुसऱ्या हातात धरून वाकवा, चवड्यापाशी सहज दुमडतो. दुसरा जोर लावल्यावर जेमतेम वाकतो. तिसरा वाकतच नाही. आता तुमच्यातल्या काहींनी उत्तरकाशीला किंवा मनालीला बेसिक कोर्स केलाय. तिथे बूट स्टोअरमधून मिळतात, निवडायची वेळच येत नाही. नेपाळमधल्या आयलंड पीक शिखरावर जाताना मात्र ती निवड तुम्हाला करायची आहे.

आधी कडकपणा. बी० ते बी३ ही श्रेणी तुम्ही ऐकली असेल. ती ब्रिटनमध्ये रूढ झाली आणि तिचा खरा उद्देश बूट क्रॅम्पॉनशी, म्हणजे बर्फात रुतण्यासाठी बुटाखाली लावायच्या दातेरी सांगाड्याशी, जुळवणं हा आहे. क्रॅम्पॉनना सी१ ते सी३ म्हणतात. सी१ला पुढे-मागे प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बंद असतात, तो बी१ बुटावर बसतो. सी२ला पुढे पट्टा आणि मागे टाचेला अडकणारा खटका असतो, म्हणून त्याला टाचेमागे खाच असलेला, जवळजवळ न वाकणारा बी२ बूट लागतो. सी३ला पुढे तारेची कडी असते, ती बुटाच्या नाकावरच्या खाचेत बसते. म्हणून बी३ बुटाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे खाच असते आणि तळ पूर्ण ताठ असतो. बूट जरुरीपेक्षा कडक असला तर चालतं, सी२ बी३वर खुशाल लावा. उलटं चालत नाही. वाकणाऱ्या बुटावर ताठ क्रॅम्पॉन लावला की प्रत्येक पावलाला बूट वाकायला बघतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. मग एकतर टाचेचा खटका सुटतो, नाहीतर मधली लोखंडी पट्टी थकून तडकते. दोन्ही प्रकार उतारावर घडतात, सपाटीवर नव्हे.

एक घोळ टाळा. जर्मनीतल्या माइंडल कंपनीनं आणलेली अ, ब, क, ड अशी वेगळी वर्गवारी युरोपात चालते. तिथला 'ब' हा नुसता ट्रेकिंगचा बूट असतो, ब्रिटिश बी२-बी३शी त्याचा काही संबंध नाही. 'ब/क' लिहिलेला बूट बघून कुणी बी३ समजून घेतला तर फसगत नक्की. आणि या श्रेण्या कुठल्या प्रयोगशाळेत मोजून दिलेल्या नाहीत, बनवणाराच सांगतो. म्हणून श्रेणी वाचा, पण खाच डोळ्यांनी बघा.

आता आयलंड पीकवर किती कडकपणा लागतो? शिखराच्या आधी बर्फाची चढी भिंत आहे, तिथे स्थिर दोर बांधलेले असतात आणि क्रॅम्पॉनचे पुढचे दात रोवून चढावं लागतं. मऊ बुटात टाच खाली घसरते आणि सगळा भार पोटरीवर येतो. ताठ तळ फळीसारखा पाय तोलून धरतो. पण ही भिंत बी२ बूट आणि सी२ क्रॅम्पॉननेही चढता येते. मग सगळे दुहेरी बी३ बूटच का घालतात? कारण ऊब. चांगले दुहेरी बूट बहुतेक ताठ तळाचेच येतात. आपण ऊब घेतो, तिच्याबरोबर कडकपणा येतो.

शिखर साधारण ६,१६० मीटर. निघायचं मध्यरात्रीनंतर एक-दोनला, आणि पहाटेचा पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरू शकतो. चालताना पाय गरम राहतात. थंडी वाजते ती दोराच्या तळाशी रांगेत उभं राहिल्यावर. पुढचा गट अडकला तर अर्धा-पाऊण तास बर्फावर हललंही जात नाही. त्या अर्ध्या तासाचा विचार करून बूट घ्यायचा.

बुटांच्या जाहिरातीत 'उणे चाळीसपर्यंत' असं छापलेलं असतं. गिर्यारोहणाच्या बुटांसाठी सर्व कंपन्यांना लागू होईल असं तापमानाचं प्रमाण नाही, त्यामुळे एका कंपनीचे उणे चाळीस आणि दुसरीचे उणे तीस यांची तुलना होत नाही. 'दोनशे ग्रॅम इन्सुलेशन' हा आकडाही बुटाच्या वजनाचा नसून एका चौरस मीटर अस्तराचा असतो. दुहेरी बुटाचा खरा फायदा वेगळाच आहे. दिवसभराच्या घामानं आतला बूट ओला होतो. तो काढून रात्री स्लीपिंग बॅगेत घेतला की सकाळी कोरडा आणि ऊबदार असतो. एकेरी चामड्याचा बूट तंबूच्या दारात ठेवला तर रात्री त्याचं लाकूड होतं.

आणि आता जी गोष्ट आज मला जास्त वेळ घेऊन सांगायची आहे. बूट ऊब तयार करत नाही. पायात रक्त आणतं हृदय, बूट ती ऊब फक्त धरून ठेवतो. बोटांना घट्ट दाबणारा महागडा दुहेरी बूट, बेताच्या पण मापाच्या बुटापेक्षा थंड असतो. शिवाय उंचीवर पाय सुजतात आणि पाणी कमी प्यायलं तर रक्त आणखी मंद वाहतं. घरच्या खोलीत 'मस्त फिट' वाटलेला बूट वर अंगठा बधिर करतो.

माप घ्यायची पद्धत बघा. आपल्याच गटातल्या एका गड्याचं उदाहरण घेऊ. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं. उजवा पाय २६३ मिलीमीटर, डावा २६७. मोठा पाय ठरवतो, म्हणजे डावा. हा गडी नेहमी ब्रिटिश आठ नंबरचे शूज घालतो, पण तो आकडा आपल्याला नकोच आहे. युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरनं वाढतो, म्हणजे एका नंबराला साडेसहा-सात मिलीमीटर आणि अर्ध्या नंबराला साडेतीनच्या आसपास. त्याला बोटांपुढे साधारण १२ ते १५ मिलीमीटर मोकळीक हवी. म्हणून बुटाच्या आतलं पाऊलबूड, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढायचं, जाड मोजा घालून त्यावर उभं राहायचं आणि बघायचं. ते २८० मिलीमीटरच्या आसपास असेल तर जमलं. कुणी टक्केवारीची वगैरे सूत्रं सांगतील, त्यांच्या नादी लागू नका. आमच्या गड्याला एका कंपनीचा ४३ आणि दुसरीचा साडेत्रेचाळीस लागला. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. आपल्याकडे चपलेत आणि अनवाणी वाढलेल्या पायांचा चवडा पुष्कळदा रुंद असतो, तेव्हा लांबी जुळूनही करंगळी चेपली जाते. अशा वेळी लांबी वाढवून उपयोग नाही, रुंद साचा शोधावा.

दुहेरी बुटात आधी कवच तपासा. आतला बूट काढून पातळ मोजा घालून पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन बोटं बसली पाहिजेत. मग आतला बूट घालून, नाडी बांधून, उताराच्या फळीवर किंवा जिन्यावर उतरत्या दिशेनं तोंड करून उभे राहा. बोटं पुढे आपटत असतील तर बूट लहान. चढताना टाच किंचित उठते, ताठ तळाच्या बुटात ती उठणारच. पण बोटभर उठली तर फोड आलाच. दोन-दोन जाड मोजे चढवून बुटातली पोकळी भरू नका, बुटाची ऊब जाते आणि रक्त अडतं.

आता भाडं की खरेदी? नवा दुहेरी बूट पन्नास हजारांच्या वर जातो. एकाच शिखरासाठी तो घ्यायचा की नाही, ते पुढच्या दोन-तीन वर्षांच्या बेतावर ठरवा. काठमांडूच्या ठमेलमध्ये, नामचे बाजारात आणि अगदी वरच्या छुकुंग गावातही बूट भाड्यानं मिळतात. मी तर ठमेललाच घ्या म्हणेन, कारण छुकुंगला मोजकीच मापं उरलेली असतात आणि तिथे 'याच्यातच भागवा' म्हणायची वेळ येते. पाय फार लहान असेल, विशेषतः ३७च्या खालचा, तर भाड्यावर विसंबू नका. ती मापं दुकानात विरळाच असतात.

भाड्याच्या बुटात काय बघायचं? पहिलं, दोन्ही कवचांवरचा आणि दोन्ही आतल्या बुटांवरचा नंबर. दुकानात अदलाबदल झालेली असते, ४३च्या कवचात ४१चा आतला बूट निघतो. दुसरं, नाकावरच्या आणि टाचेवरच्या खाचेच्या कडा. घासून गोल झाल्या असतील तर कडी निसटते. क्रॅम्पॉन तिथेच लावून, बंद न बांधता बूट जोरात हलवा. गळून पडला तर तो जोड घेऊ नका. तिसरं, तळ आणि वरच्या भागामधला फोमसारखा थर. त्यावर अंगठ्याचं नख दाबा. खुणा उमटून भुकटी निघाली किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो थर कुजलाय. हे पॉलियुरेथेन ओलाव्यानं हळूहळू मोडतं, बूट न वापरताही मोडतं. जुन्या प्लास्टिक कवचांचंही तेच: वय झालं की थंडीत तडकतात.

खरेदी करणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण आपण मुंबई-कोकणच्या हवेत राहतो. नवा बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकला की पाच-सात पावसाळ्यांत तळ सुटतो. मोकळ्या हवेत ठेवा आणि मधूनमधून घाला.

चालण्याची गोष्टही सांगून टाकतो. हे बूट ट्रेक सुरू होतो त्या लुक्लापासून घालू नका. साध्या ट्रेकिंग शूजवर छुकुंगपर्यंत या, ताठ बूट सामानात न्या. मात्र छुकुंगला एखाद दिवस ते घालून आसपास चढ-उतार करा. घोट्यापाशी कुठे घासतंय ते तिथेच कळतं आणि तिथेच पट्टी लावता येते. निघण्याआधी नखं आखूड कापा. आणि क्रॅम्पॉन घालायच्या जागी नाडी किंचित सैल करून बोटं हलतात का ते बघा.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी दिली आहे: 'माझ्याकडे एकेरी बी२ चामड्याचा बूट आहे, वर उबदार आवरण चढवून आयलंड पीक होईल का?' आवरणाचा दोष असा की ते जाड असलं तर क्रॅम्पॉन नीट बसत नाही आणि पातळ असलं तर त्याचा उपयोग थोडाच. वारा नसेल, रांग नसेल तर त्या बुटावर तुम्ही जाऊनही याल. पण रांग किती लांब असेल ते तुमच्या हातात नाही. त्याऐवजी ठमेलला दुहेरी बूट भाड्यानं घ्या, तुमचे बूट फ्रेंडशिप पीकसारख्या, ५,२८९ मीटरच्या, मनालीजवळच्या चढाईला वापरा. तिथे ते उत्तम काम करतील.