बेरीज शंभर, तरी पाचही आकडे चुकीचे

[दृश्य: छापील पानाचा फोटो. पानावर पाच रंगांचा वृत्तालेख. पाकळ्यांवर आकडे नाहीत.]

मूळ तक्ता हरवला आहे. उरलाय तो फक्त पानाचा हा फोटो. निळी, केशरी, हिरवी, पिवळी आणि करडी अशा पाच पाकळ्यांची टक्केवारी यातूनच काढायची आहे.

गणित शाळेतलंच. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, म्हणजे एका टक्क्याला ३.६ अंश. फोटोवरच कोन मोजले आणि ३.६ ने भागले. निळी ३१.९, केशरी ३०.६, हिरवी १५.३, पिवळी १२.४, करडी ९.८. बेरीज केली, बरोबर शंभर.

आणि पाचही आकडे चुकीचे आहेत.

[दृश्य: वर्तुळाच्या कडेला आडवी आणि उभी मोजपट्टी.]

आलेखाची रुंदी १००० पिक्सेल भरते आणि उंची ८००. फोटो काढताना कॅमेरा पानावर सरळ नव्हता, तिरका होता. त्यामुळे वर्तुळ चेपलं आणि त्याचं लंबवर्तुळ झालं. असं चेपलं की डाव्या-उजव्या बाजूच्या पाकळ्या अरुंद दिसतात, वरच्या आणि खालच्या पाकळ्या फुगतात. उजवीकडे नेमका पाव भाग असेल, तर तो साधारण साडेएकवीस टक्के दिसतो. तोच भाग खाली असेल तर साडेअठ्ठावीस. पण एका बिंदूभोवतीचे सगळे कोन कसेही बदलले तरी त्यांची बेरीज ३६०च राहते. म्हणून शंभर भरणं हा मोजमाप बरोबर असल्याचा पुरावा नाही. माझ्या मते या कामात माणूस सर्वात जास्त फसतो तो इथेच.

[दृश्य: चित्र उभं ताणलं जातं. लंबवर्तुळाचं वर्तुळ होतं.]

उपाय सोपा आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणारा पर्याय बंद करायचा आणि चित्र फक्त उभ्या दिशेने ताणायचं, ८०० चे १००० होईपर्यंत. लंबवर्तुळाचा लांब अक्ष तिरपा असेल, तर आधी चित्र फिरवून तो आडवा करून घ्यायचा.

मग एक गोष्ट तपासायची. पाकळ्यांच्या रेषा जिथे मिळतात, तो बिंदू वर्तुळाच्या बरोबर मध्यावर आहे का? नसेल, तर कॅमेरा फार जवळ होता आणि पानाची लांबची बाजू आखूड झाली आहे. अशा वेळी नुसतं ताणून भागत नाही. पानाचे चारही कोपरे धरून आधी आख्खं पान आयताकृती करावं लागतं. आपल्या फोटोत बिंदू मध्यावरच आहे.

[दृश्य: बारा वाजताच्या रेषेपासून घड्याळाच्या दिशेने सरकणारा कोनमापक.]

आता मोजायचं. पण एकेक पाकळी सुटी मोजायची नाही. कोनमापकाचं शून्य बारा वाजताच्या रेषेवर लावायचं आणि तिथून न हलवता प्रत्येक सीमारेषेचा कोन टिपायचा. १२०, २१८.५, २८२.५, ३३०.५ आणि शेवटी ३६०. लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी म्हणजे पाकळीचा कोन. एक रेषा अर्धा अंश चुकली, तर एका पाकळीत जे वाढतं ते शेजारच्या पाकळीतून कमी होतं. चूक पुढे साचत जात नाही.

केशरी पाकळी घेऊ. २१८.५ मधून १२० गेले, उरले ९८.५ अंश. भागिले ३.६, म्हणजे २७.४ टक्के. निळी ३३.३, हिरवी १७.८, पिवळी १३.३, करडी ८.२. तिरक्या फोटोत निळी आणि केशरी जवळपास सारख्याच वाटत होत्या. प्रत्यक्षात त्यांच्यात सहा टक्क्यांचा फरक आहे.

[दृश्य: रिकामा तक्ता भरत जातो.]

पाकळीच्या दोन्ही कडांना अर्ध्या अंशाची चूक धरली, तर कोनात एक अंश, म्हणजे जवळपास ०.३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. दशांशातला आकडा तितका भरवशाचा नाही, म्हणून तक्ता पूर्णांकात. पण नेहमीसारखं जवळच्या पूर्णांकात लिहिलं तर ३३, २७, १८, १३, ८ येतात आणि बेरीज ९९ होते.

इथे नियम असा: आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे. ३३, २७, १७, १३, ८, बेरीज ९८. कमी पडलेले दोन ज्यांचा सोडलेला भाग सर्वात मोठा त्यांना द्यायचे. पहिला हिरवीला, तिचा भाग ०.७८. दुसऱ्यासाठी केशरीचा ०.३६, निळी आणि पिवळीचा ०.३३. केशरीला मिळतो, पण हा फरक मोजमापातल्या चुकीपेक्षाही लहान आहे. तो एक टक्का केशरीला मोजमापाने दिलेला नाही, नियमाने दिलाय.

पाकळ्यांवर आकडे छापलेले असते आणि त्यांची बेरीज १०१ आली असती, तर यातलं काही करायचं नव्हतं. छापलेलं तसंच उतरवायचं आणि बेरीज १०१ लिहायची.

[दृश्य: पूर्ण तक्ता.]

निळी ३३, केशरी २८, हिरवी १८, पिवळी १३, करडी ८. एकूण १००. शेजारच्या रकान्यात दशांशासह मोजलेले आकडे. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: फोटोवरून मोजलेले, एका टक्क्यापर्यंत फरक शक्य.