पाणी कोण भरायचं? गटाचा प्रकल्प आणि एकेकाचे गुण

(इंदूरमधल्या इतिहासाच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. आज मी एकाच प्रकल्पाबद्दल बोलणार आहे, म्हणजे त्यात नीट शिरता येईल. नववीच्या वर्गाला चार-चार मुलांच्या गटांत द्यायचा, घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखतींवर उभा राहणारा, वीस गुणांचा प्रकल्प. विषय आहे नर्मदेच्या आधीचं इंदूरचं पाणी.

शाळाशाळांतून साधारण असा प्रश्न जातो: ‘आपल्या शहराचा इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.’ हातात काय येतं, ते आपण सगळे जाणतो. अहिल्याबाई, होळकर, राजवाडा, इंटरनेटवरून उतरवलेली दोन पानं आणि शेवटी आजोबांचा एक फोटो. काम एकाने केलेलं असतं, नावं चौघांची असतात. मग गुण देताना आपली पंचाईत होते. पण ती पंचाईत गुणांच्या तक्त्यात सुरू होत नाही, प्रश्नातच सुरू होते. एकट्याने बसून उत्तर लिहिता येईल असा प्रश्न दिला, तर तो एकटाच लिहिणार.

म्हणून प्रश्न असा घ्या: ‘नर्मदेचं पाणी यायच्या आधी तुमच्या मोहल्ल्यात पाणी कुठून येई, घरात ते कोण भरी, आणि दारात नळ आल्यावर कोणाच्या दिवसातलं काय बदललं?’ याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात तयार मिळत नाही. एका मुलाखतीतूनही मिळत नाही, कारण वाड्याच्या मालकाच्या घरचं पाणी वेगळं, त्याच वाड्यातल्या बिऱ्हाडकरूचं वेगळं, परदेशीपुऱ्यात गिरणी कामगाराच्या घरचं आणखी वेगळं. चौघांनी चार वेगळ्या घरांत जायचं, आणि चौघांची माहिती शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उत्तर जुळायचं नाही. प्रत्येकाचा वाटा प्रश्नातच ठरलेला असला की तो पुढे वेगळा काढून तपासता येतो.

नर्मदाच का? शहराच्या स्मृतीत ती पक्की खूण आहे. यशवंत सागर आणि बिलावलीसारख्या तलावांवर भागेनासं झालं, नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली शहरात मोठं आंदोलन झालं, आणि १९७८ साली जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून पाणी इंदूरला आलं. त्या वेळी दहा-बारा वर्षांचं असलेलं माणूस आज साठीच्या घरात आहे; त्याला रांग आठवते. तेव्हा पंचविशीत घर चालवणारी बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. तिला रांगेतला नंबर, भांड्यांची संख्या आणि शिळं पाणी कशाला वापरायचं तेसुद्धा आठवतं. गट करताना दोन्ही वयांची माणसं वाट्याला येतील असं बघा.

आता मुलाखतीचे प्रश्न. ‘पूर्वी पाण्याचा खूप त्रास होता का?’ असं विचारलं की ‘हो बाळा, फार त्रास’ एवढंच येतं. उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घातलेलं असतं. त्याऐवजी वस्तूपासून सुरुवात करायला शिकवा. सकाळचा पहिला हंडा कोण भरायचं? किती वाजता? तांब्याचा की पितळेचा? घरात कुठे ठेवायचा? विहिरीपर्यंतची वाट या कागदावर काढून दाखवाल का? वाट काढता काढता माणूस आपणहून सांगू लागतं, की इथे बावडी होती, इथे अमक्यांचं घर, आणि इकडून आम्ही जात नसू. ‘का जात नसाल?’ हा पुढचा प्रश्न मुलाला सुचला पाहिजे. त्यामागे कधी कुत्रं निघतं, कधी जात निघते. कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, हे या प्रकल्पात येणारच. त्याची तयारी आधी वर्गात करून घ्या. सांगणाऱ्याला नको असेल तर तिथे थांबायचं आणि नाव लिहायचं नाही, हेही आधीच ठरवून द्या.

आणखी एक सूचना, ही अगदी आपल्या घरांसाठी. काका-काकू जोडीने बसले की काका बोलतात, काकू चहा करायला उठतात. आणि पाणी भरलेलं असतं काकूंनी. काकूंशी वेगळं बोलायचं, शक्यतो स्वयंपाकघरात.

साल मात्र थेट विचारू नका. ‘तेव्हा तुमच्या घरातलं कोण शाळेत होतं, कितवीत?’ असं विचारा आणि साल मुलांना काढू द्या. समजा, एक आजी सांगतात की नर्मदा आली तेव्हा धाकटा पोटात होता. धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९८१ आहे. शहरात पाणी १९७८ साली आलं. मुलगी घाईने लिहिते, ‘आजींची आठवण चुकली.’ आपण तिला तिथेच थांबवायचं. शहरात पाणी आलं तो दिवस आणि आजींच्या दारात नळ आला तो दिवस एकच असायचं कारण नाही. आजींच्या लेखी नर्मदा दारात आली तेव्हाच आली. मग गटाला एक छोटा प्रश्न मिळतो: या गल्लीत नळ कधी आला? तो शेजारच्या दोन घरी विचारता येतो, नळजोडणीचा जुना कागद किंवा पाणीपट्टीची पावती सापडते का ते बघता येतं, वाचनालयात ‘नईदुनिया’चे जुने अंक मिळाले तर चाळता येतात. तीन घरांनी एकच सुमार सांगितला तर त्यांनी तो लिहायचा. जुळलं नाही तर न जुळलेलं तसंच लिहायचं, कोणी काय सांगितलं ते नोंदवून. अशा ठिकाणी मला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात, आणि तुम्हीही द्यावेत.

इथून गुणांकडे वळू. वीसपैकी बारा एकेकाचे आणि आठ गटाचे ठेवा. बारांतले पाच स्वतः घेतलेल्या मुलाखतीचे. साधारण अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण, कितव्या मिनिटाला काय आलं याची नोंद, आणि त्यातली कुठलीही तीन मिनिटं बोलली तशी उतरवलेली. आजी माळवीत बोलल्या तर माळवीच ठेवायची, तिचं पुस्तकी मराठी किंवा हिंदी करायचं नाही. चार गुण वर्गात एका तासिकेत लिहायच्या टिपणाचे: माझी मुलाखत आणि गटातल्या दुसऱ्या कोणाचीही एक मुलाखत, कुठे जुळतात, कुठे नाही, आणि का. हे घरी द्यायचं नाही, नाहीतर ते पुन्हा ताई किंवा बाबा लिहितात. उरलेले तीन तोंडी. ध्वनिमुद्रणातली एखादी जागा वाजवायची आणि विचारायचं, ‘इथे तू पुढे काय विचारलंस? आज पुन्हा गेलीस तर काय विचारशील?’ मुलाखत स्वतः घेतलेल्या मुलाला हे मिनिटभरात सांगता येतं. न घेतलेल्याचं पहिल्याच प्रश्नात कळतं.

एक अन्याय इथे हमखास शिरतो. एका मुलाला गप्पिष्ट आजोबा मिळतात, दुसऱ्याला विसरभोळ्या आजी. गुण आठवणींच्या भरपूरपणावर दिले तर ते आजोबांना मिळतात. गुण कशाचे, हे म्हणूनच आधी सांगा: धरून विचारलेल्या पुढच्या प्रश्नाचे, पडताळणीचे, प्रामाणिक नोंदीचे. ‘हे विचारलं, आजींना आठवलं नाही, वाट काढायला सांगितल्यावर मात्र त्यांनी बावडी दाखवली’ ही चांगली नोंद आहे. ज्यांचं घराणं इंदूरबाहेरचं आहे, अशा मुलांना मोहल्ल्यातलं घर आपण मिळवून द्यायचं. स्वतःचे आजी-आजोबा असण्यावर एकही गुण अवलंबून राहता कामा नये.

आता गटाचे आठ. आठही गुण सगळ्यांना सारखे दिले तर ज्याने कमी केलं तोही तेवढेच घेऊन जातो. म्हणून प्रत्येक मुलाकडे तीस गुण देतात, ते त्याने बाकी तिघांत वाटायचे. स्वतःला द्यायचे नाहीत. चिठ्ठी बंद, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य कारणाचं. चौघांचं काम सारखं असेल तर प्रत्येकाला तीस मिळतात. मिळालेल्या बेरजेला तीसने भागलं की त्याचा गुणक निघतो. गटाला आठपैकी सहा मिळाले आणि चौघांच्या बेरजा ३६, ३३, ३० आणि २१ आल्या असं धरा. गुणक झाले १.२, १.१, १ आणि ०.७. मी गुणक ०.८ च्या खाली आणि १.२ च्या वर जाऊ देत नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलांत रुसवेफुगवे असतात आणि त्याचा भुर्दंड एका मर्यादेतच राहावा. तर गुण येतात ७.२, ६.६, ६ आणि चौथीला ४.८.

पण इथे हात थांबवायचा. चौथीचे स्वतःचे गुण बघा. समजा बारापैकी दहा आहेत, गटात सर्वांत जास्त. सोबत्यांच्या लेखी तिने काम केलं नाही आणि मुलाखत तर तिची सर्वांत चांगली, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. अशा वेळी गुणक लावण्याआधी कारणांची वाक्यं वाचा आणि गटाची कामाची वही उघडा. वहीत बहुधा सापडतं ते असं: तिने माळवी बोलणाऱ्या घरात जाऊन मुलाखत घेतली, घरी बसून उतरवली, गटाच्या बैठकीत मात्र ती फार बोलली नाही. तक्ता रंगवणारा आणि वर्गापुढे बोलणारा सगळ्यांना दिसतो, उतरवणारी दिसत नाही. आपल्या वर्गांत ती उतरवणारी बहुतेकदा मुलगी असते, आणि हे मी तुम्हाला नीट बघायला सांगते आहे. वहीत तिचं काम असेल तर तिचा गुणक १ धरा आणि तिला सहा द्या. बाकीच्यांचे कमी करायची गरज नाही. उलट प्रकार आला, म्हणजे सोबत्यांनी भरभरून दिलेत आणि तोंडीत मुलाला स्वतःची मुलाखतही सांगता येत नाही, तर तिथेही वही उघडायची. आणि वही रिकामी असेल तर गुणक एकच्या वर जाऊ द्यायचा नाही.

ही वही रोजची आणि लहान ठेवा. तारीख, कोणी काय केलं, पुढे कोण काय करणार, एवढ्या तीन ओळी, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. दर आठवड्याला तिच्यावर शिक्षकांची सही हवी, नाहीतर शेवटच्या रात्री एकाच शाईत महिनाभराची वही तयार होते.

सोबत्यांच्या चिठ्ठ्या दोनदा घ्या. पहिल्या मुलाखती झाल्यावर, गुण न लावता, आणि ज्याला कमी आलेत त्याला एकट्याला बोलावून आकडा आणि कारणं सांगा, कोणी लिहिलं ते नाही. तेव्हा हातात अजून तीन आठवडे असतात. दुसऱ्या चिठ्ठीत जे येतं, तेच गुणांना लावायचं.