शुभेच्छुकाच्या ओळीपुरते दुकान

(तालुक्याच्या व्यापारी मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, माझा जन्म छापखान्यात गेला. शुभेच्छांच्या जाहिराती आम्ही खिळे जुळवून लावत होतो, तेव्हापासून त्यांची एक घडण ठरलेली आहे. वर शुभेच्छा आणि सगळ्यांत खाली बारीक टाइपात ‘शुभेच्छुक’ हा शब्द, त्यापुढे दुकानाचे नाव. आता तीच शुभेच्छा मोबाइलवर चित्र आणि त्याखालच्या चार ओळींच्या मजकुराच्या रूपाने जाते, पण दुकानाची जागा बदललेली नाही, ती शुभेच्छुकाच्याच ओळीत आहे. स्वातंत्र्यदिनाच्या मजकुरात बिघाड होतो तो बहुधा दुकान ही ओळ सोडून वर सरकते तेव्हा. ते कसे सरकते, हे एका उदाहरणावरून दाखवतो.

२०२२ सालच्या ऑगस्टमध्ये एका कापड दुकानदाराने मला तयार मजकूर पाठवला. “७५व्या स्वातंत्र्य दीनाच्या हार्दिक शुभेच्छा! महागाईपासून मिळवा आझादी! खादी व सुती कापडावर २० टक्के सूट, फक्त तीन दिवस. आजच भेट द्या.” सोबत तिरंग्याचे चित्र होते. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यात चक्राच्या दोन्ही बाजूंना दुकानाचे नाव आणि हिरव्या पट्ट्यात मोबाइल नंबर होता. माणूस सज्जन, हेतू चांगला, आणि घाईत सगळे जसे करतात तसेच त्यानेही केले होते.

मी आधी चित्राला हात घातला, कारण तेथे प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून कायद्याचा आहे. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा ध्वजाची व्याख्या करताना केवळ कापडी ध्वजाबद्दल बोलत नाही. ध्वजाचे चित्र, रेखाटन, छायाचित्र हेही त्याच्या लेखी ध्वजच आहेत, आणि ध्वजावर कोणताही मजकूर लिहिणे हा अवमान धरला आहे. त्यामुळे ‘ते नुसते चित्र आहे’ हा बचाव टिकत नाही. २००२ ची ध्वजसंहिता आणखी स्पष्ट आहे: कोणत्याही प्रकारच्या जाहिरातीत ध्वज वापरू नये. शिवाय १९५० चा एक कायदा राष्ट्रध्वज आणि काही नावे व चित्रे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई करतो. त्या यादीत महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची नावे आणि चित्रेही आहेत. आम्हा छपाईवाल्यांना त्यातली एक गंमत ठाऊक असते: या महापुरुषांची चित्रे दिनदर्शिकेवर छापायला सवलत आहे, पण तीवर नाव फक्त निर्मात्याचे आणि मुद्रकाचे असावे आणि तिने मालाची जाहिरात करू नये. म्हणजे जी सीमा आपण आज शोधतो आहोत, ती कायद्याने तेथे आखून ठेवलेली आहे.

चित्राच्या जागी मी त्यांना साधी पांढरी पार्श्वभूमी आणि अक्षरे एवढेच ठेवायला सांगितले. तीन रंगांच्या फिती, अशोकचक्राच्या आकाराचे घड्याळ, तिरंगी साडी नेसवलेला पुतळा यांतले काहीच नको. चक्राला २४ आरे असतात, आणि बाजारात फिरणाऱ्या तयार चित्रांत ते मोजले तर अनेकदा कमी-जास्त भरतात. मोजायला वेळ नसेल तर चित्र न वापरणे बरे.

मग मजकूर. ‘दीन’ हा पहिला घाव. दीर्घ ‘दी’ लिहिली की तो गरीब, बापुडा होतो आणि आपण स्वातंत्र्याला दीन म्हणून मोकळे होतो. दुसरी चूक मोबाइलवर टंकताना घडते. ‘त्र’ हवा तेथे ‘ञ’ पडतो आणि शब्द ‘स्वातंञ्य’ होतो. लहान पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पाठवण्याआधी अक्षर मोठे करून पाहावे. आकड्याचे म्हणाल, तर १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरला की २०२२ चा ७६वा येतो. ७५ ही पूर्ण झालेल्या वर्षांची संख्या. दिवसाचा क्रमांक आणि वर्षांची संख्या यांत एकाचा फरक पडतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात फसतो. आकडा नसला तर शुभेच्छेचे काही बिघडत नाही, म्हणून तो मी काढूनच टाकला.

दुकानदाराने सवलतीची ओळ विनातक्रार काढली आणि सुधारून पाठवले: “सर्व ग्राहकांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. खादीची परंपरा जपणारे तुमचे हक्काचे दुकान.” सूट गेली, पण जाहिरात तशीच राहिली. ‘ग्राहक’ म्हटल्याबरोबर वाचणारा नागरिक राहत नाही, गल्ल्यासमोर उभा राहतो. ‘हक्काचे दुकान’ हे तर दर्शनी पाटीवरचे वाक्य. मी त्यांना एक युक्ती सांगितली: दुकानाच्या नावावर अंगठा ठेवून मजकूर वाचा, आणि तुम्ही काय विकता हे तरीही कळत असेल तर दुकान अजून वरच आहे.

त्यावर त्यांनी विचारले ते मला आवडले. ते म्हणाले, “काका, पण कापडाचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा संबंध खरा आहे ना?” आहेच. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली मोटार अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली सापडून गेला. कापडवाल्याने त्याची आठवण ठेवावी, पण त्या वाक्यात ‘आम्ही’ येऊ नये, आपल्या मालाची जात येऊ नये, आणि पुढच्या ओळीत दुकानाचे ब्रीद नसावे. हुतात्म्याचे नाव घेऊन लगेच ‘आमची शुद्ध खादी’ म्हणणे हे त्याच मोटारीत माल भरण्यासारखे आहे. (हे मी जरा कडक बोलतो, मला ठाऊक आहे.)

शेवटी गेला तो मजकूर असा:

“१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. त्यासाठी ज्यांनी तुरुंगवास सोसला, ज्यांनी प्राण वेचले आणि ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, त्या सर्वांना विनम्र अभिवादन. सर्व नागरिकांना स्वातंत्र्यदिनाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक:” आणि पुढे दुकानाचे नाव, मालक व सर्व कामगार.

यात क्रम मुद्दाम ठेवला आहे. अभिवादन आधी, शुभेच्छा नंतर. अभिवादन हुतात्म्यांना करायचे आणि शुभेच्छा जिवंत माणसांना द्यायच्या, ही दोन्ही एका वाक्यात कोंबली की ‘हुतात्म्यांना हार्दिक शुभेच्छा’ असा घोटाळा होतो, आणि तो मी छापून आलेलाही पाहिला आहे. शुभेच्छुकाच्या ओळीत फोन नंबर आणि पत्ता नाही. कामगार मात्र आहेत.

हेच गोव्यातील दुकान असते तर पहिले वाक्य मी बदलले असते, कारण गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मराठवाड्यातील दुकानासाठीही तोच विचार करावा लागतो, तेथे १७ सप्टेंबर १९४८ ची तारीख लोकांच्या घरात आहे. १५ ऑगस्टचा दिवस त्यांचाही आहेच, फक्त ‘त्या दिवशी आपले गाव स्वतंत्र झाले’ असे तेथे लिहू नये.

राहिली सवलत. ती त्यांनी १८ तारखेला वेगळी पाठवली. ते १५ तारखेलाच संध्याकाळी पाठवणार होते, पण मी म्हटले, तुमच्या ग्राहकाच्या मोबाइलवर तुमचे दोन्ही संदेश एकाखाली एक दिसतील आणि वाचताना ते एकच वाटतील. दुकान त्या दिवशी दुपारी २ पर्यंतच उघडे राहील, एवढी सूचना मात्र त्यांनी आदल्या दिवशी, १४ तारखेला, पाठवून ठेवली होती.