एका रिपोर्टवर ‘कॅरियर’ ठरत नाही

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, हिपॅटायटिस बीबद्दल सगळं सांगायचं तर रात्र पुरणार नाही. म्हणून आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘कॅरियर’, विषाणू अंगात आहे पण त्रास काही नाही असा माणूस. माझ्या ओपीडीत हा शब्द घेऊन येणारी माणसं मला सगळ्यात जास्त बेचैन करतात, कारण बहुतेकांना तो शब्द म्हणजे सुटकेचा दाखला वाटतो.

राजेंद्र नगरचे एक गृहस्थ आहेत, किराणा दुकान चालवतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून निरोप आला की एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात असल्याची खूण, पॉझिटिव्ह आहे. एका डॉक्टरांनी एसजीपीटी बघितला, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. तो २४ आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्ही कॅरियर आहात, काही करायचं नाही.’’ ते खरंच काही न करता पंधरा वर्षं राहिले. माझ्याकडे आले ते आईच्या कावीळीसाठी. आईचीही तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा मी त्यांनाच खुर्चीत बसवलं.

आई पॉझिटिव्ह असणं इथे फार महत्त्वाचं आहे. मोठेपणी हा विषाणू शिरला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त माणसांचं शरीर त्याला हाकलून लावतं. पण जन्माच्या वेळी आईकडून मिळाला आणि लगेच लस टोचली गेली नाही, तर शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. कारण असं की हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. त्या मारते आपलीच प्रतिकारशक्ती, विषाणू बसलेल्या पेशींवर हल्ला करून. बाळाची प्रतिकारशक्ती मात्र त्याला परका मानतच नाही. म्हणून लहानपणी रक्तात विषाणू कोट्यवधींनी असतो, आणि तरीही एसजीपीटी नॉर्मल असतो. पुढे विशी-तिशीच्या सुमारास शरीराला जाग येते, लढाई सुरू होते, एसजीपीटी चढतो आणि यकृतात व्रण पडू लागतात. ही लढाई जिंकली तर ई-अँटीजेन, म्हणजे विषाणू जोरात वाढत असल्याची रक्तातली खूण, नाहीसं होतं, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण २,००० च्या खाली येतं आणि एसजीपीटी खाली राहतो. खरा निष्क्रिय कॅरियर तो हा.

पण काहींच्या बाबतीत विषाणू एक युक्ती करतो. त्याच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि तो ई-अँटीजेन बनवणं थांबवतो, वाढणं मात्र थांबवत नाही. आपल्याकडे जो प्रकार जास्त आढळतो, त्या ‘डी’ जीनोटाइपमध्ये हा बदल नेहमीचाच आहे. अशा माणसाचा रिपोर्टही ‘ई निगेटिव्ह’ येतो. त्याचा एसजीपीटी आणि व्हायरल लोड लाटांसारखा वर-खाली होत राहतो. लाट ओसरली असताना रक्त काढलं तर त्याचा कागद आणि निष्क्रिय कॅरियरचा कागद यांत काही फरक दिसत नाही. एकाच्या यकृताला आराम आहे, दुसऱ्याचं हळूहळू निबर होतंय, आणि दोघांनाही ‘कॅरियर’ असंच सांगितलं जातं.

मग ओळखायचं कसं? वेळ देऊन. वर्षभरात तीन-तीन, चार-चार महिन्यांच्या अंतराने किमान तीन वेळा एसजीपीटी, आणि सोबत व्हायरल लोड. आणखी एक गोष्ट बघा. लॅबच्या कागदावर नॉर्मलची वरची रेघ बहुधा ४० किंवा त्याच्याही वर छापलेली असते. आमच्या दृष्टीने पुरुषाचा आकडा ३०-३५ च्या आणि बाईचा २०-२५ च्या वर सतत राहिला तर तो नॉर्मल नाही.

आमच्या गृहस्थांचा पहिला एसजीपीटी आला २९, व्हायरल लोड १,६००. ते म्हणाले, ‘‘बघा डॉक्टरसाहेब, ठीकच आहे की.’’ मी म्हटलं, तीन महिन्यांनी भेटू. तेव्हा एसजीपीटी ७८ आणि लोड ४६,००० होता. दारू नाही, आयुर्वेदिक किंवा जडीबुटीची औषधं नाहीत, वजन बेताचं. म्हणजे लाट विषाणूचीच होती.

यकृत किती निबर झालंय याचा अंदाज देणारा एक साधा हिशेब कोणत्याही गावात करता येतो. त्याला एप्री म्हणतात. एसजीओटी हे एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम. त्याच्या आकड्याला नॉर्मलच्या वरच्या मर्यादेने भागायचं, आलेल्या आकड्याला हजारांतल्या प्लेटलेटने भागायचं आणि शंभराने गुणायचं. त्यांचा एसजीओटी ६२, मर्यादा ४०, म्हणजे १.५५. प्लेटलेट १ लाख ८० हजार, म्हणून १.५५ भागिले १८०, गुणिले १००. उत्तर ०.८६. अर्ध्याच्या वर गेलं की व्रणांचा संशय धरायचा, एकच्या वर गेलं की सिरोसिसचा, म्हणजे व्रणांनी सगळं यकृत निबर झाल्याचा. यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन ९.१ आला. तिथे सातच्या वर व्रण आणि साडेबाराच्या वर सिरोसिस समजतात. सूज असताना, किंवा जेवून लगेच केला, तर हा आकडा फुगतो, म्हणून तीन तास उपाशीपोटी करायचा. सूज लक्षात घेऊनही निष्कर्ष बदलत नव्हता. आम्ही विषाणूची वाढ रोखणारं टेनोफोव्हिर सुरू केलं, रोज एक गोळी. सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात ती मोफत मिळते.

वर्षभरात लोड मोजता येईना इतका कमी झाला आणि फायब्रोस्कॅन ७.८ वर आला. त्यांनी विचारलं, ‘‘आता गोळी बंद?’’ नाही. पेशीच्या केंद्रकात विषाणूची मूळ प्रत तशीच बसलेली असते, आणि मनाने गोळी सोडली तर तो उसळून जीवावर बेतू शकतं. शिवाय त्याच्या जनुकांचे तुकडे आपल्या जनुकांत आधीच शिरलेले असतात. म्हणूनच हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही कर्करोग होतो. औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. चाळिशी ओलांडलेले पुरुष, पन्नाशी ओलांडलेल्या बायका, घरात यकृताचा कर्करोग झालेली माणसं आणि सिरोसिस झालेले सगळे, यांना ती हवीच. सहाच महिने का? या गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण चार-सहा महिने लागतात, म्हणून या अंतराने पाहिलं तर ती बहुधा लहान असतानाच सापडते. वर्षातून एकदाच केली तर काहींच्या बाबतीत उशीर होतो. पोटावर चरबी असेल, यकृत फॅटी असेल, तर सोनोग्राफी चुकूही शकते. एएफपी नावाच्या रक्ततपासणीची थोडी मदत होते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये.

हे मी ठामपणे सांगतो, कारण सहाव्या सोनोग्राफीत या गृहस्थांच्या यकृताच्या उजव्या भागात १.८ सेंटीमीटरची गाठ दिसली. एएफपी होता फक्त ६, अगदी नॉर्मल. पोटात दुखत नव्हतं, भूक चांगली होती. तीन टप्प्यांचा सीटी केला. निरोगी यकृताला बरंचसं रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, कर्करोगाच्या गाठीला मात्र धमनीतून. म्हणून सीटीच्या वेळी चित्र उजळवणारं औषध टोचल्यावर गाठ आधी उजळली, आणि बाकीचं यकृत उजळेपर्यंत ती फिकी पडली. हिपॅटायटिस बीच्या रुग्णात हे चित्र इतकं बोलकं असतं की बहुधा बायोप्सीही लागत नाही. त्वचेतून सुई घालून उष्णतेने गाठ जाळून टाकली. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. आता ठरावीक अंतराने सीटी चालू आहे, कारण उरलेल्या यकृतात नवी गाठ येऊ शकते. गोळीही चालू आहे.

त्या दिवाळीत पुण्याची धाकटी बहीण माहेरी आली होती. तिला मी तपासायला बोलावलं. ती पॉझिटिव्ह निघाली. एसजीपीटी १८, लोड ३००, ई निगेटिव्ह. कॅरियर ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या, मग त्याच्या पुढच्या तीन महिन्यांनी, आणि तोवर तो शब्द वापरू नका.