वाक्याचं शेपूट

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे खुलाशाबद्दल. वर्तमानपत्रात चौकटीत यायचा तो ‘जाहीर खुलासा’ नव्हे. आपल्या चॅनलवरच्या व्हिडिओचा एक तुकडा कुणी कापला, तो उलट्या अर्थाने गावभर फिरला, तर त्यावर आपण जो छोटा व्हिडिओ करतो, त्यात काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने बोलायचं, एवढंच.

क्लिप बहुतेक वेळा खोटी नसते, अर्धी असते. कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक व्हिडिओ केला होता. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवतात. तो शेवट कापून उरलेला भाग आपल्या देशात ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून फिरला. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. फिरलेल्या क्लिपमधली दृश्यं खरीच त्या व्हिडिओतली होती. शेवट नव्हता, एवढंच.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. ही मी घरच्या प्रत्येक लग्नकार्यात सांगते, आज तुमची पाळी.

भाचा सिंधुदुर्गात राहतो. आंब्याची कलमं आहेत, आणि घरात शिरलेले साप पकडून जंगलात सोडतो. त्याचं एक लहानसं चॅनल आहे. नागाबरोबर सेल्फी काढणाऱ्यांतला तो नाही, हे आधीच सांगते. त्या सेल्फीवाल्यांना मी एकदा स्टुडिओत बोलावून तासभर ऐकवणार आहे, पण ते असो. तर आमच्या भाच्याने पावसाळ्याआधी सहा मिनिटांचा एक व्हिडिओ केला, साप चावल्यावर काय करावं आणि काय करू नये. कोकणात फुरसं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे तो बऱ्यापैकी पाहिला गेला.

त्यात दोन मिनिटांनंतर तो आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नक्कल करतो. हातात सुतळी घेतो, स्वतःच्या दंडाला गुंडाळतो आणि आजोबांच्या खर्जात म्हणतो, “साप चावला की आधी वरती सुतळी बांधायची. करकचून. मग ब्लेडने चीर द्यायची, काळं रक्त जाऊ द्यायचं.” मग थांबतो, सुतळी सोडून टाकतो आणि आपल्या आवाजात म्हणतो, “असं आमचे आजोबा सांगायचे. आणि हे साफ चुकीचं आहे.”

कुणीतरी सुतळीपासून काळ्या रक्तापर्यंतचे १९ सेकंद कापले. वर लिहिलं, ‘सर्पमित्राचा सल्ला, जीव वाचेल, पुढे पाठवा’. तीन दिवसांत ती क्लिप माझ्याकडे आली. तीही माझ्या जाऊबाईंकडून, सोबत जोडलेले दोन हात. क्लिपवर दुहेरी बाणाची खूण होती. व्हॉट्सअॅपवर तो दुहेरी बाण दिसला की समजायचं, हा मजकूर पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आला आहे. म्हणजे मूळ कापणारा आता सापडत नाही. त्याला शोधत बसू नका, खुलाशाला लागा.

भाच्याने लगेच खुलासा केला. चिडून केला. सात मिनिटांचा. मागे ढोल-ताशासारखं काहीतरी वाजत होतं. खुलाशाच्या मागे संगीत कशाला लागतं, मला अजून कळलेलं नाही. आणि त्याचं पहिलं वाक्य असं होतं. नीट ऐका. “नमस्कार मित्रांनो, साप चावल्यावर सुतळी घट्ट बांधा असं मी सांगितलं, हे धादांत खोटं आहे.”

पुन्हा ऐका. “साप चावल्यावर सुतळी घट्ट बांधा असं मी सांगितलं.” इथे कात्री. “हे धादांत खोटं आहे” गेलं कचऱ्यात.

दुसऱ्याच दिवशी नवी क्लिप आली. तोच शर्ट, तोच चेहरा, या वेळी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत तो म्हणतोय की सुतळी घट्ट बांधा असं मी सांगितलं. वर ओळ, ‘सर्पमित्राने पुन्हा सांगितले’. पहिल्या क्लिपमध्ये निदान नक्कल तरी होती. दुसरीत तर तो स्वतःच्या तोंडाने कबुली देत होता! बाजारात एक मासेवाली त्याला बोलली, “तूच मां तो सुतळीवालो?” त्या रात्री त्याचा फोन आला. “आत्या, तू रोज रेडिओवर बोलतेस, तुझं कुणी कापत नाही. मला लिहून दे.”

मी त्याला विचारलं, तुझं वाक्य कुठे संपतं? तो म्हणाला, म्हणजे? म्हटलं, मराठीत निकाल शेवटी येतो रे. ‘असं म्हणतात’ शेवटी, ‘हे खोटं आहे’ शेवटी, ‘मी म्हणालो नाही’ यातलं ‘नाही’ शेवटी. आधी अख्खी अफवा बोलायची आणि शेपटाला तिचं खंडन लावायचं, ही आपली बोलण्याची रीत. गप्पा मारताना ती गोड लागते. पण कात्री नेमकी शेपटावर चालते. ‘सुतळी बांधा असं मी म्हणालो नाही’ यातला ‘नाही’ उडवला तरी मागे धडधाकट वाक्य उरतं, आणि उलट्या अर्थाचं. ‘सुतळी बांधू नका’ यातला ‘नका’ उडवून पाहा. ‘सुतळी बांधू’ उरतं. लंगडं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी कापलंय.

लक्षात आलं ना? अफवा वाक्याच्या सुरुवातीला नको, आणि निकाल शेपटाला नको. अफवा सुरुवातीला नको, निकाल शेपटाला नको.

मग आम्ही फोनवर बसून नवी संहिता लिहिली. रात्रीचे साडेअकरा, तिकडे वीज गेलेली, तो बॅटरीच्या उजेडात लिहून घेतोय. (बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. पावसात रात्री परसात जाताना ती हातात आणि चप्पल पायात, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी सांगणार.) संहिता ४५ सेकंदांची झाली. ती अशी:

“साप चावला तर सुतळी बांधू नका, चीर देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, लाकडी पट्टीचा आधार द्या आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. माझ्या नावाने अर्धवट क्लिप फिरते आहे. चुकीची जुनी पद्धत कशी होती, ते मी तिच्यात करून दाखवतो. पुढचं वाक्य कापलेलं आहे. पूर्ण व्हिडिओ चॅनलवर आहे, दोन मिनिटं ३१ सेकंदांपासून ऐका. कुणाला सुतळी बांधली गेलीच असेल तर ती घरी सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. साप चावला तर सुतळी बांधू नका.”

यातलं एकेक वाक्य उचलून पाहा. कुठलंही एकटं बाहेर काढलं तरी त्याचा उलटा अर्थ निघत नाही. ‘चुकीची’ हा शब्द त्या वाक्यात सगळ्यात आधी आहे. भाच्याने पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मी करून दाखवलेली पद्धत चुकीची आहे’. मी म्हटलं, उलट कर.

‘डॉक्टरांसमोर सोडा’ हे वाक्य का, तर खुलासा फक्त आपलं नाव धुण्यासाठी नसतो. क्लिप पाहून कुणी ते करून बसलं असेल, तर त्याला पुढे काय करायचं ते सांगावं लागतं. करकचून बांधलेल्या अवयवाचं रक्त अडतं, आणि फुरशाचं किंवा घोणसाचं विष तिथल्या तिथे मांस कुजवतं. चिरेचं तर विचारूच नका, या विषाने रक्त गोठत नाही, म्हणजे ती जखम वाहतच राहते. आणि बांधलेलं घाईने सोडलं तर अडलेलं विष एकदम अंगभर जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर समोर हवा. हे सगळं कारण आम्ही ४५ सेकंदांत घातलं नाही. ते पूर्ण व्हिडिओत होतंच.

आता चित्राचं. अर्धवट क्लिप खुलाशात दाखवायची का? दाखवायची, नाहीतर लोकांना कळत नाही कुठल्या क्लिपबद्दल बोलणं चाललंय. पण मुकी दाखवायची, तीन-चार सेकंद, आणि ‘अर्धवट’ ही पट्टी चेहऱ्यावरून आडवी जाईल अशी. कोपऱ्यात लावलेली पट्टी कडा छाटली की जाते, चेहऱ्यावरची जात नाही. शिवाय पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून ती त्याने छातीशी धरली. कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, बसमध्ये, ऑफिसात, सासूबाई झोपल्या असताना.

मूळ व्हिडिओ काढून टाकू का, असं त्याने विचारलं. अजिबात नाही. तोच तर पुरावा. तो गेला की उरते फक्त कापलेली क्लिप, आणि लोक म्हणणार, बघा, घाबरून उडवला. यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी नवी फाइल तर चढवता येत नाही. मग त्याने खालच्या माहितीत पहिल्याच ओळीत नेमका क्षण लिहिला आणि स्वतःची एक टिप्पणी सगळ्यांत वर टाचून ठेवली. त्या टिप्पणीत त्याने आपली चूक कबूल केली, की नक्कल करताना पडद्यावर ‘चुकीची पद्धत’ असं लिहायला हवं होतं. ही कबुली ४५ सेकंदांत नको, असं मी म्हटलं. ‘माझी चूक झाली’ एवढंच कुणी कापलं असतं.

खुलासा ज्या वाटेने क्लिप गेली त्याच वाटेने पाठवायचा, हेही सांगून ठेवते. चॅनलवर टाकून मोकळं होऊ नका. जाऊबाईंच्या गटात क्लिप आली, तर खुलासाही जाऊबाईंच्या गटात गेला पाहिजे. त्यासाठी दुवा नको, फाइलच पाठवायची, कारण दुवा कुणी उघडत नाही. फाइलच पाठवा, बरं का. जाऊबाईंनी पाठवली. सोबत जोडलेले दोन हात, पुन्हा.

पुढे त्या खुलाशालाही कात्री लागली. सहा सेकंदांचा तुकडा निघाला. त्यात भाचा पाटी धरून उभा आहे आणि म्हणतोय, “साप चावला तर सुतळी बांधू नका, चीर देऊ नका.” बस्स. तो तुकडा त्याने स्वतःही पुढे पाठवला.

ती जुनी १९ सेकंदांची क्लिप मेलेली नाही. आषाढ आला की ती पुन्हा उगवते, अळंबीसारखी. म्हणून तो दर वर्षी तोच खुलासा नव्याने करतो आणि सुरुवातीला तारीख बोलतो, म्हणजे ‘हे जुनं झालं’ असं कुणी म्हणू नये. यंदाचं रेकॉर्डिंग गेल्या रविवारी झालं. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की तीनदा घ्यावं लागलं, आणि पाटीवरचा ‘नका’ ओघळला होता. तो पुन्हा ठळक लिहून घेतला.