नोटीस चालू असताना ऑपरेशन

श्रोतेहो, नमस्कार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला माझ्या भाच्याचा फोन आला. तो वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं आणि पहाटेपासून उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या, त्या पाठीपर्यंत जात होत्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, "आज घाई नाही, पण दोन-तीन आठवड्यांत पित्ताशय काढून टाका. पुढच्या वेळी खडा नळीत अडकला तर अवघड होईल."

एरवी त्याने रजा टाकली असती आणि विषय मिटला असता. पण २ जूनला त्याने राजीनामा दिला होता. ६० दिवसांची नोटीस, म्हणजे शेवटचा दिवस ३१ जुलै. चाकणच्या नव्या कंपनीत ४ ऑगस्टला रुजू व्हायचं होतं. "मामा, नोटीसमध्ये रजा घेतली की तारीख पुढं जाते म्हणतात. मग नव्या ठिकाणचं कसं व्हायचं?"

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल विभागात काढली आहेत. या प्रश्नाचं उत्तर मला एका वाईट अनुभवातून मिळालं होतं. एका कारखान्यात आमच्याकडे एका फिटरचं नोटीसमध्येच हर्नियाचं ऑपरेशन झालं. सुपरवायझर त्याला तोंडी म्हणाला, "जा, करून ये." कुठंही काही लिहिलं गेलं नाही. सुटण्याच्या दिवशी हिशेबात नऊ दिवस गैरहजर दिसले आणि रिलीव्हिंग लेटरवर तारीख नऊ दिवस पुढची पडली. तोवर तो नव्या ठिकाणी रुजू झाला होता. पीएफच्या नोंदीत एकच माणूस एकाच आठवड्यात दोन कारखान्यांत दिसू लागला आणि त्याचा पीएफ ट्रान्सफर कित्येक महिने अडकला. तारीख दुरुस्त करायला तो पाच-सहा वेळा आमच्या दारात आला. मी त्याची फाईल वेळेवर पाहिली असती तर त्याला हे भोगावं लागलं नसतं. ती चूक मला आजही लागते.

भाच्याला मी आधी अपॉइंटमेंट लेटर काढायला सांगितलं. त्यात नोटीसचं कलम असतं आणि बहुतेक जण ते राजीनामा देतानाही वाचत नाहीत. त्याच्या कलमात लिहिलं होतं, 'नोटीस काळात व्यवस्थापनाच्या मंजुरीशिवाय घेतलेली रजा नोटीसमध्ये धरली जाणार नाही.' म्हणजे तारीख पुढं जाते ती मंजुरी नसलेल्या रजेमुळं. एचआरमधल्या मुलीने त्याला सरसकट सांगितलं होतं की रजा घेतली की दिवस वाढतात. ती खोटं बोलत नव्हती, रोजची सवय बोलत होती. काही कंपन्यांच्या कलमात मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं की नोटीसमधली कोणतीही रजा, मंजूर असो की नसो, नोटीस तेवढी वाढवेल. तसं असेल तर भांडून उपयोग नाही. तिथं तेवढ्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, ते विचारायचं. याला बायआऊट म्हणतात. भाच्याचा पगार महिन्याला ४२ हजार. ३० ने भागलं तर दिवसाला १,४०० रुपये, म्हणजे सहा दिवसांचे ८,४००. कापायचे ते मूळ पगारावर की एकूण पगारावर, हेही लेटरमध्येच असतं. नव्या नोकरीची तारीख हुकण्यापेक्षा ही रक्कम परवडते, म्हणून आधी एवढा आकडा काढून ठेवावा.

मग ऑपरेशन कधी करायचं, हा प्रश्न आला. त्याच्या मनात होतं, "३१ ला सुटतो, १ तारखेला ॲडमिट होतो, ४ ला जातो." ऐकायला सोपं वाटतं. पण कंपनीने काढलेला ग्रुप मेडिक्लेम सर्वसाधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या कंपनीचा रुजू झाल्यावर सुरू होतो. मधले दिवस कोणाचेच नसतात. शिवाय स्वतःची नवी पॉलिसी घेऊन ऑपरेशन करू म्हणावं, तर पित्ताचे खडे आणि हर्निया अशा आजारांना वैयक्तिक पॉलिसीत सहसा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. ग्रुप पॉलिसीत तो बहुतेकदा माफ असतो. म्हणजे आहे त्या पॉलिसीत, नोकरी चालू असतानाच ऑपरेशन करणं भाग होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही नको, असं मी म्हटलं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो आणि बसून करायच्या कामावर आठवड्याभरात येऊ शकतो. पण कधी कधी आत सूज किंवा चिकटलेपण जास्त असेल तर पोट उघडून करावं लागतं आणि मग सावरायला चार ते सहा आठवडे लागतात. हे आधी कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ऑपरेशन नोटीसच्या सुरुवातीला असेल तर असा बिघाड झाला तरी ३१ जुलैपर्यंत हात-पाय हलवायला जागा उरते. आणि डॉक्टरांनी दिलेली दोन-तीन आठवड्यांची मुदतही तशीच होती. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या व्यवस्थित आल्या, तेव्हा १९ जून, गुरुवार ठरला.

आता रजेचा हिशेब पाहा. बुधवारी काम करून संध्याकाळी ॲडमिट. गुरुवार ते शनिवार तीन दिवस, रविवार सुट्टी, सोमवार ते बुधवार तीन दिवस. एकूण सहा. त्याच्या खात्यात चार सिक लीव्ह होत्या आणि अकरा पीएल, म्हणजे साठलेली हक्काची रजा. चार सिक, दोन पीएल. पीएलचे उरलेले नऊ दिवस हिशेबात पैसे म्हणून मिळणार होते, तेव्हा आधी सिक वापरणं शहाणपणाचं होतं.

पण रजेच्या अर्जाने तारीख सुरक्षित होत नाही, हे मी आज पुन्हा सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये रजा मंजूर झाली की फक्त रजा मंजूर होते, शेवटच्या दिवसाबद्दल ते काहीच बोलत नाही. काही कंपन्यांत तर नोटीसमधली रजा टाकताच सॉफ्टवेअर शेवटची तारीख आपोआप पुढं ढकलतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून त्याने साहेबांना आणि एचआरला एकत्र मेल केला. त्याचा मजकूर साधारण असा होता:

"साहेब, माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन १९ जूनला ठरलं आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. १९ ते २५ जून सहा दिवस रजा हवी, चार सिक आणि दोन पीएल. या रजेमुळे माझा शेवटचा दिवस ३१ जुलै बदलणार नाही, एवढं कळवावं. माझ्याकडचे तीन सप्लायरांचे ऑडिट मी १७ जूनपर्यंत संपवतो आणि कामाची फाईल सहकाऱ्याच्या हवाली करतो."

शेवटचं वाक्य खुशामतीचं नव्हतं. मॅनेजरला एकच भीती असते, माणूस रजेवर जाईल आणि मग येणारच नाही. काम आधी पुढं ओढलेलं दिसलं की तो निवांतपणे 'हो' म्हणतो. उत्तर दोन दिवसांत आलं, 'मंजूर, एलडब्ल्यूडी ३१ जुलैच', म्हणजे कामाचा शेवटचा दिवस तोच. आणि हे उत्तर हातात आल्यावरच त्याने रुग्णालयात ऑपरेशनची वेळ पक्की केली. तातडीचा आजार असता तर अर्थात अशी वाट पाहायची नसते. ताप, कावीळ, सतत उलट्या किंवा न थांबणारी कळ दिसली तर त्याच क्षणी दवाखाना, कागद नंतर, घरच्या माणसाने मेल केला तरी चालतो.

कॅशलेससाठी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर दोन-तीन दिवस आधी कागद द्यावेत. सोनोग्राफीचा अहवाल, डॉक्टरांचं पत्र, ई-कार्ड, आधार. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला हवी. तरीही ठरलेल्या ऑपरेशनला शेवटच्या तासावर कशाला राहायचं?

वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट. डॉक्टर घाईत 'तीन आठवडे विश्रांती' लिहून टाकतात. एचआरला ते एकवीस दिवस गैरहजेरी म्हणून दिसतं. माणसाला खरोखर तीन आठवडे अंथरुणावर राहायला हवं असेल तर तसंच लिहिलं पाहिजे, त्यात तडजोड नको. पण त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं, सात दिवस विश्रांती आणि पुढं चार आठवडे जड उचलणं नाही. तर त्यांनी तसंच दोन ओळींत लिहून दिलं, 'बसून करण्याचं काम चालेल' असंही जोडलं. २६ जूनला फिटनेस सर्टिफिकेट घेऊन तो गेटवर आला. २४ जुलैपर्यंत त्याने शॉप फ्लोअरवर पेट्या उचलल्या नाहीत, टेबलावर रिपोर्ट पाहिले आणि सहकाऱ्याला काम शिकवलं. नोटीसमध्ये नेमकं हेच काम हवं असतं.

ज्यांचा महिन्याचा पगार २१ हजार किंवा त्यापेक्षा कमी आहे आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जातो, त्यांचा मार्ग थोडा वेगळा. तिथं आजारपणाची रजा ईएसआयच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर चालते आणि पात्रता असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के पगार ईएसआय देतं. नोकरी सुटली म्हणून त्याच दिवशी उपचार बंद होत नाही, तो आधी भरलेल्या हप्त्यांच्या काळावर ठरतो. म्हणून तुमच्या शाखेत जाऊन आपला लाभाचा काळ कधीपर्यंत आहे ते पाहून घ्या. शेवटच्या तारखेबद्दलचा मेल मात्र त्यांनीही करायचा. आजारपणाचे पैसे कोणी दिले यावर नोटीसचा हिशेब ठरत नाही.

नव्या कंपनीला काय सांगावं, असंही त्याने विचारलं. रुजू होण्याआधी तिथं वैद्यकीय तपासणी असते आणि डॉक्टर मागच्या ऑपरेशनबद्दल विचारतात. मी सांगितलं, जे झालं ते सांग, डिस्चार्ज कार्ड दाखव. ४ ऑगस्टला ऑपरेशनला साडेसहा आठवडे झाले होते, टाके कधीच सुकले होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने दोन कामं केली. डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधांची बिलं विम्याच्या पोर्टलवर चढवली. पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा साठ दिवसांचा खर्च होता, पण नोकरी सुटल्यावर तो मिळेल की नाही याचं ठोस उत्तर कोणी देईना. तेव्हा लॉगिन चालू असतानाच जे काही झालं ते पाठवून दिलं आणि पोच जपून ठेवली. ऑफिसचा मेल बंद होण्याआधी शेवटच्या तारखेबद्दलचं ते 'मंजूर' उत्तरही स्वतःच्या खासगी मेलवर ठेवलं.

३१ जुलैला एचआरने हिशेबाचा कागद पुढं केला. त्यात शेवटची तारीख ५ ऑगस्ट टाईप झाली होती, सॉफ्टवेअरने सहा दिवस स्वतःहून वाढवले आणि त्यांतून एक कसा तरी वगळला होता. त्याने मोबाईल काढला, मेल उघडला आणि टेबलावर ठेवला. पाच मिनिटांत नवा कागद छापून आला.