मामांचा नऊ

नमस्कार श्रोतेहो. आमचे मामा इंदूरला रामबागेत राहतात. त्यांचा जन्म २७ मार्च १९५७ चा. दोन आणि सात नऊ, म्हणून अंकशास्त्राप्रमाणे त्यांचा मूलांक नऊ, मंगळाचा. स्कूटरचा नंबर एमपी ०९ मधला, शेवटचे चार अंक ५४३६. बेरीज अठरा, पुन्हा नऊ. परवा सराफ्यात खाण्याचं बिल १३५ रुपये झालं, तर मामांनी ते गल्ल्यावरच्या माणसालासुद्धा दाखवलं. "बघा, माझा अंक माझ्या मागेमागे फिरतो!"

फिरतो, हे खरं. का फिरतो ते बघू. बेरीज करत करत एकच अंक उरवायचा, म्हणजे खरं तर त्या संख्येला नवानं भागून बाकी काढायची. बाकी शून्य आली की नऊ धरायचे. त्यामुळे कुठलीही संख्या घ्या, ती नऊच कप्प्यांपैकी एकात पडते. मामांच्या कप्प्यात दर नवातली एक.

पण मामा तेवढ्यावर थांबत नाहीत. अंकशास्त्रात तीन आणि सहा हे नवाचे मित्रांक मानतात, तेही त्यांना चालतात. म्हणजे दर तीन संख्यांतली एक शुभ झाली! दिवसाकाठी पाच आकडे समोर आले, बिल, बसचा नंबर, टोकन असे, तर पाचही हुकण्याची शक्यता २४३ मध्ये ३२, जेमतेम तेरा टक्के. आणि हुकलेलं टोकन घरी येऊन कोण सांगतं? मन जुळलेलं तेवढं जपून ठेवतं, बाकीचं विसरतं. टीकाकारांचं म्हणणं थोडक्यात हेच.

मामांचं उत्तर मात्र अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, "अरे, सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, मिळून एकशे आठ. बेरीज नऊ. हा काय योगायोग?" त्यांच्या मते प्रत्येक अंकामागे एक ग्रह आहे आणि जन्मतारखेतून त्याचा ठसा माणसावर उमटतो. पण २७ ला चारानं गुणलं की उत्तर नवाच्या पाढ्यातच येणार, कारण २७ स्वतः त्या पाढ्यातले. यात ग्रहाला काही करावं लागत नाही.

माझी खरी अडचण तारखेची आहे. आकाशवाणीवर आपण इंग्रजी तारखेबरोबर शके तारीखही ऐकता. ती राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला सुरू झाली, त्या दिवशी १ चैत्र १८७९. म्हणजे मामांचा जन्म ६ चैत्राचा. बाळ तेच, पहाट तीच, पण मूलांक नवाचा सहा झाला आणि मंगळाच्या जागी शुक्र आला. मग ठसा नक्की कुणाचा?

हे मी मामांना जिन्यात गाठून विचारलं. ते दोन पायऱ्या थांबले, बोटांवर मोजलं, आणि चेहरा खुलला.

"सहा? अरे, मग मित्रांकच की!"